स्पीकर बोलला, पण पैसे कुठे गेले? डोंबिवलीच्या काकांचा सहा दिवसांचा हिशोब



व्हिडिओमध्ये ही गोष्ट आपण भरभर सांगितली. आकडे नीट बघायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आजचा धडा बेरीज-वजाबाकीचाच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. गोष्टीतले काका काल्पनिक आहेत आणि आकडे धड्यासाठी मांडलेले आहेत. पण पैसा ज्या वाटेने जातो ती वाट अगदी खरी आहे. ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीत, जिथे जिथे गल्ल्यावर क्यूआर आणि शेजारी स्पीकर आहे, तिथे तिथे ही वाट हीच.

झालं काय?

काकांचं डोंबिवली पूर्वेला किराण्याचं दुकान. सकाळी सातला शटर वर, रात्री दहाला खाली. दुकानात काका, काकू आणि संध्याकाळी कॉलेजहून आलेली मुलगी. दिवसभरात यूपीआयने सहा-सात हजार जमा होतात. गर्दीच्या वेळी मोबाइल बघायला फुरसत नसते, म्हणून काकांनी स्पीकर घेतला. स्पीकर बोलला की माल द्यायचा, एवढा सोपा नियम.

काकूंची एक चांगली सवय आहे. रात्री गल्ला मोजताना त्या स्पीकरचं बटण दाबून दिवसाची एकूण जमा ऐकतात आणि वहीत लिहितात. ही वही पुढे फार कामाला येणार आहे.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग, हातात कंपनीच्या रंगाचा नवा डबा.

"काका, तुमचं मशीन जुनं झालंय. याला नेटवर्क नीट मिळत नाही ना? नवीन फोर-जी आलंय. बदलून देतो, चार्ज काही नाही."

नेटवर्कचा त्रास होताच. काका म्हणाले, "दे बाबा बदलून." त्याने जुना स्पीकर बॅगेत टाकला, नवीन ठेवला, आणि काउंटरवरच्या जुन्या क्यूआरवर नवा क्यूआर चिकटवला. वर एक रुपया स्वतःच्या मोबाइलवरून पाठवून दाखवला. स्पीकर खणखणीत बोलला. जाताना तो म्हणाला, "ॲपमध्ये दोन-तीन दिवस दिसणार नाही हं काका. सिस्टीम अपडेट चालू आहे. पैसे बरोबर येतील."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. सगळी फसवणूक त्या एका वाक्यावर उभी आहे.

गुरुवारी सकाळी बँकेत २,८९० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. रोजच्यापेक्षा कमी होते, पण आले होते. काकांनी फार मनावर घेतलं नाही. शुक्रवारी सकाळी काहीच आलं नाही. "अपडेट चालू आहे म्हणाला होता." शुक्रवारी संध्याकाळी ॲपवरच्या कर्जाचा हप्ता बाकी असल्याचा मेसेज आला. काकांना वाटलं, हाही अपडेटचाच गोंधळ असेल. इकडे स्पीकर दिवसभर बोलतच होता.

शनिवारी रात्री सव्वानऊला काकांनी कल्याणच्या होलसेलवाल्या शेठना २५,००० रुपये पाठवायला घेतले. खात्यात पुरेशी शिल्लक नाही, असं उत्तर आलं.

"शेठ, जरा थांबा हं. आठवडाभर धंदा तर चांगला झालाय."

"अहो, थांबतो की. पण बघून घ्या. चांगला झालाय तर पैसे गेले कुठे?"

आधी समजून घ्या: स्पीकर नेमकं काय सांगतो?

आपल्याला वाटतं, स्पीकर म्हणतोय की "तुमच्या बँकेत पैसे आले." तो तसं म्हणत नाही.

स्पीकरच्या पोटात एक सिमकार्ड असतं. त्यावरून तो क्यूआर देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असतो. ग्राहकाने क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, त्याच्या बँकेतून पैसे निघाले आणि व्यवहार यशस्वी झाला, की कंपनीच्या सर्व्हरला ते कळतं. सर्व्हर मग बघतो की हे पैसे कोणत्या दुकानदार-खात्यावर आले आणि त्या खात्याला कोणता स्पीकर जोडलेला आहे. त्या स्पीकरला निरोप जातो आणि तो बोलतो.

म्हणजे स्पीकरच्या बोलण्याचा अर्थ एवढाच, की "मी ज्या दुकानदार-खात्याला जोडलेला आहे, त्यावर अमुक रुपयांचा व्यवहार झाला." ते खातं तुमचं आहे का, हे स्पीकरला ठाऊक नसतं. ते पैसे तुमच्या बँकेत पोहोचले का, हेही ठाऊक नसतं.

कारण पैशाचा प्रवास बऱ्याच वेळा दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा ग्राहकाच्या बँकेतून निघून कंपनीच्या वतीने बँकेत ठेवलेल्या वेगळ्या खात्यापर्यंतचा. दुसरा टप्पा तिथून तुमच्या बँक खात्यापर्यंतचा. या दुसऱ्या टप्प्याला सेटलमेंट म्हणतात. काही क्यूआरमध्ये पैसे थेट तुमच्या बँक खात्यात येतात, काहींत दिवसभराची जमा एकत्र होऊन दुसऱ्या दिवशी येते. काकांच्या कंपनीत रात्री बारापर्यंतची जमा दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत येते. स्पीकर बोलतो तो पहिल्या टप्प्याच्या शेवटी. दुसऱ्या टप्प्याबद्दल तो गप्पच असतो.

तीन साक्षीदार

म्हणून पैसे हरवले की तीन साक्षीदारांना वेगवेगळं विचारायचं: स्पीकर, ॲप आणि बँक. स्पीकरची साक्ष काकूंच्या वहीत आहे. ॲप म्हणजे तुमच्या स्वतःच्या लॉगिनने उघडलेलं कंपनीचं दुकानदारांचं ॲप. बँक म्हणजे पासबुक किंवा स्टेटमेंट.

शनिवारी रात्री मुलीने वही, मोबाइल आणि बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवलं आणि असा तक्ता काढला. यात एक काळजी घेतली. बँकेत जमा ज्या दिवशी आली तो वार न धरता, ती जमा ज्या दिवसाच्या विक्रीची आहे तो वार धरला. सोमवारी सकाळी आलेले पैसे रविवारचे होते, म्हणून ते सोडून दिले. ही काळजी घेतली नाही तर हिशोब कधीच जुळत नाही.

| विक्रीचा वार | स्पीकर (वही) | ॲप | बँकेत जमा |
|---|---|---|---|
| सोमवार | ६,८४० | ६,८४० | ६,४३२ |
| मंगळवार | ७,२१५ | ७,२१५ | ६,९२५ |
| बुधवार | ६,४३० | ३,१८० | २,८९० |
| गुरुवार | ७,९६० | ० | ० |
| शुक्रवार | ८,१०५ | ० | ० |
| शनिवार | ९,४५० | ० | अजून यायची वेळ नाही |
| एकूण | ४६,००० | १७,२३५ | १६,२४७ |

स्पीकर सांगतो ४६,०००. बँकेत आले १६,२४७. फरक २९,७५३ रुपयांचा. काकूंनी कपाळाला हात लावला.

पण थांबा. हा सगळा फरक एका कारणाचा नाही. आता तो दोन भागांत तोडू.

पहिला भाग: ॲप आणि बँक यांच्यातला फरक

ॲप म्हणतं १७,२३५ आणि बँक म्हणते १६,२४७. फरक ९८८ रुपये.

यात चोरी काही नाही. काकांनी मागे ॲपवरून दुकानासाठी कर्ज घेतलं होतं. त्याचा रोजचा २९० रुपयांचा हप्ता सेटलमेंटमधूनच कापला जातो. तीन दिवसांचे झाले ८७०. शिवाय सोमवारी स्पीकरचं महिन्याचं भाडं कापलं गेलं, १०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८. दोन्ही मिळून ९८८. जुळलं!

अनेक दुकानदार "स्पीकर बोलतो तेवढे पैसे येत नाहीत" म्हणतात, तेव्हा खूपदा कारण हेच असतं. हप्ता, भाडं, किंवा दुसऱ्या दिवशी यायची बाकी जमा. ॲपमध्ये सेटलमेंटचा भाग उघडला की एकूण जमा, कापलेली रक्कम आणि बँकेत पाठवलेली रक्कम वेगवेगळी दिसते. त्याखाली एक यूटीआर नंबर असतो. ॲप म्हणत असेल "पाठवले" आणि बँकेत दिसत नसतील, तर हा नंबर घेऊन बँकेत जायचं. त्यावरून बँकेला शोधता येतं. नुसतं "माझे पैसे आले नाहीत" म्हणून गेलात, तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला कंपनीकडे पाठवेल आणि कंपनी पुन्हा बँकेकडे.

दुसरा भाग: स्पीकर आणि ॲप यांच्यातला फरक

हा फरक २८,७६५ रुपयांचा. हा गंभीर.

नीट विचार करा. सेटलमेंट अडकलं असतं, तर ॲपमध्ये व्यवहार दिसले असते आणि फक्त बँकेत पैसे नसते. इथे ॲपमध्येच काही नाही. स्पीकर ओरडून सांगतोय "नऊशे रुपये प्राप्त झाले" आणि काकांच्या ॲपला त्याचा पत्ताच नाही. कंपनी एक, सर्व्हर एक, मग असं कसं?

एकच उत्तर शक्य आहे. बुधवारी चारनंतर जो स्पीकर बोलतोय, तो काकांच्या दुकानदार-खात्याला जोडलेलाच नाही. त्या तरुणाने क्यूआर आणि स्पीकर ही अख्खी जोडी बदलली. दोन्ही एकाच खात्याची, पण ते खातं भलत्याचंच.

आता बुधवारचा आकडा पुन्हा बघा. चारपर्यंत जुन्या जोडीवर ३,१८० आले. त्यातून हप्ता कापून २,८९० गुरुवारी बँकेत पोहोचले. चारनंतरचे ३,२५० नव्या जोडीवर गेले. गुरुवारच्या त्या अर्ध्या जमेनेच काकांना फसवलं. पूर्ण शून्य आलं असतं तर ते त्याच दिवशी उठून बसले असते.

आणि शुक्रवारचा हप्त्याचा मेसेज आठवतो? काकांच्या खऱ्या खात्यावर गुरुवारी एक रुपयाही आला नाही, म्हणून कापायलाही काही नव्हतं. कर्जाची सिस्टीम खरं बोलत होती. "तुमची विक्री शून्य आहे" असंच ती सांगत होती. रोज कापला जाणारा हप्ता अचानक थकला, तर तो धोक्याचा इशारा समजा.

क्यूआर नुसता बदलला असता तर लगेच कळलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोमध्ये रात्रीत अनेक दुकानांबाहेरचे आणि एका पेट्रोल पंपावरचे क्यूआर बदलल्याची बातमी आली होती. तिथे पैसे देताना ग्राहकाला नाव वेगळं दिसलं आणि प्रकार उघडा पडला. अशा वेळी तुमचा स्पीकर गप्प राहतो आणि आपण विचारतो, "आवाज का नाही आला?" पण जोडी बदलली की आवाज येतो. ज्याच्यावर भरवसा ठेवून आपण निर्धास्त असतो, तोच आवाज येतो. म्हणून हा प्रकार दिवसेंदिवस चालू राहू शकतो.

खात्री कशी करायची?

मुलीने आपल्या मोबाइलवरून काउंटरवरचा क्यूआर स्कॅन केला. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. तिथे "किराणा स्टोअर्स" नव्हतं, कुठल्याशा "एंटरप्रायझेस"चं नाव होतं. झालं, उत्तर मिळालं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. स्टिकरवर छापलेलं नाव बघून समाधान मानू नका. छापायला काहीही छापता येतं. क्यूआरच्या आत काय असतं, तर साधारण अशी एक ओळ:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana
```

`pa` म्हणजे पैसे ज्या यूपीआय पत्त्यावर जाणार तो, आणि `pn` म्हणजे नाव. पैसे `pa` बघून जातात. `pn` ही नुसती लिहिलेली अक्षरं आहेत. म्हणूनच एनपीसीआयने सगळ्या यूपीआय ॲपना सांगितलं की पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवा, क्यूआरमधून उचललेलं दाखवू नका. त्यासाठी ३० जून २०२५ ही मुदत होती. त्यामुळे स्कॅन केल्यावर दिसणारं नाव ही आज तुमच्या हातातली सर्वांत स्वस्त तपासणी आहे. दहा सेकंद लागतात आणि पैसेही पाठवावे लागत नाहीत.

शनिवारी रात्री साडेनऊला काय करायचं?

इथे घड्याळ महत्त्वाचं. २८,७६५ पैकी शनिवारचे ९,४५० रुपये अजून त्या भामट्याच्या बँकेत गेलेले नसतील, कारण त्याचंही सेटलमेंट सकाळी होणार. त्याने तत्काळ सेटलमेंट चालू केलं असेल तर तेही गेले असतील. पण प्रयत्न करायला रात्र हातात आहे. काकांनी या क्रमाने कामं केली.

सगळ्यात आधी क्यूआर झाकला. सोलून फेकला नाही, फाडला नाही. त्यावर कागद लावला आणि दुकान बंद होईपर्यंत रोख घेतली. स्पीकरही बाजूला काढून ठेवला. त्याच्या खाली जो अनुक्रमांक असतो त्याचा फोटो काढला, कारण त्या नंबरवरून हा डबा कोणत्या दुकानदार-खात्याला जोडलेला आहे, हे कंपनीला कळतं. हा डबा पुरावा आहे, रागाने आपटायचा नाही.

मग १९३० ला फोन लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. पैसे पुढे ज्या खात्यात गेले त्या बँकेला इथून कळवलं जातं आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम रोखून धरता येते. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.

त्यानंतर कंपनीला फोन. नंबर ॲपमधूनच घ्यायचा, गूगलवर शोधायचा नाही, कारण तिथे खोटे कस्टमर केअर नंबर टपून बसलेले असतात. आणि बोलायचं असं: "या अनुक्रमांकाचा स्पीकर आणि या यूपीआय पत्त्याचा क्यूआर माझ्या दुकानात फसवून लावला आहे. त्या खात्याचं सेटलमेंट ताबडतोब थांबवा. मला तक्रार क्रमांक द्या." "माझे पैसे येत नाहीत" एवढंच म्हणालात, तर समोरचा तुमचं खातं उघडून बघेल, तिथे काहीच चूक सापडणार नाही आणि फोन संपेल. तक्रार त्यांच्या दुसऱ्या खात्याबद्दल आहे, हे तुम्हालाच सांगावं लागतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: पुरावा कुठला? काकांच्या ॲपमध्ये हे व्यवहार नाहीत, काकांच्या बँकेतही नाहीत. कागदोपत्री त्यांचे २८,७६५ रुपये अस्तित्वातच नाहीत! पुरावा आहे ग्राहकांच्या मोबाइलमध्ये. प्रत्येक ग्राहकाच्या व्यवहारात १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ आणि पैसे ज्याला गेले तो यूपीआय पत्ता दिसतो. काकांनी शेजारच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधा निरोप टाकला: "बुधवारी चारनंतर आमच्याकडे यूपीआयने पैसे दिले असतील तर कृपया त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. तुमचे पैसे बुडालेले नाहीत, तुम्हाला पुन्हा द्यायचे नाहीत. फसवणूक आमची झाली आहे." रविवार दुपारपर्यंत चाळीसच्या वर स्क्रीनशॉट आले. रोजच्या दुधा-पावाची गिऱ्हाइकं अशा वेळी धावून येतात.

ग्राहकाकडून पुन्हा पैसे मागू नका. त्याने तुमच्या काउंटरवरच्या क्यूआरवर, तुमच्यासमोर, तुमचा स्पीकर बोलेपर्यंत थांबून पैसे दिलेत. मागितले तर पैसे मिळायचे नाहीत आणि गिऱ्हाईकही जाईल.

स्क्रीनशॉट, वही, तक्ता, डब्याचा फोटो, बुधवारचं सीसीटीव्ही फुटेज हे सगळं घेऊन दुकान ज्याच्या हद्दीत आहे त्या पोलीस ठाण्यात जायचं. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, विष्णूनगर, मानपाडा अशी ठाणी आहेत. डोंबिवली, कल्याण आणि ठाणे शहर, सगळं ठाणे पोलीस आयुक्तालयातच येतं. फुटेज आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. बऱ्याच सीसीटीव्हीत काही दिवसांनी जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

पैसे परत मिळतील का? जेवढे वेळेत रोखले गेले तेवढ्यांची आशा बरी असते, पण तेही पोलीस आणि कोर्टाची प्रक्रिया होऊन मिळतात. जे एटीएममधून काढले गेले ते परत येणं कठीण. काकांच्या बाबतीत शनिवारचे ९,४५० रोखले गेले असं धरू. उरलेले १९,३१५ गेल्यात जमा. बुधवारी संध्याकाळीच स्कॅन करून नाव बघितलं असतं, तर नुकसान फार तर दोन-तीन हजारांचं झालं असतं. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं.

आणि ॲपमध्ये दिसतात पण बँकेत नाहीत, तेव्हा?

हा प्रकार वेगळा. इथे जोडी तुमचीच असते, पैसेही तुमच्या नावावर आलेले असतात, पण दुसऱ्या टप्प्यावर अडकतात. केवायसी अपुरं असेल, बँक खातं बंद पडलं असेल, किंवा सेटलमेंटसाठी जोडलेलं खातंच बदललेलं असेल. म्हणून पहिल्यांदा ॲपमध्ये जाऊन बघायचं, की सेटलमेंट कोणत्या बँकेच्या, शेवटी कोणते चार आकडे असलेल्या खात्यात जातंय.

हे किती महत्त्वाचं आहे ते २०२४ मध्ये देशभरच्या दुकानदारांना कळलं. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ ला पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. आधी २९ फेब्रुवारीची मुदत होती, ती पुढे १५ मार्चपर्यंत वाढवली. घबराट अशी उडाली की "पेटीएमचा स्पीकर बंद होणार." रिझर्व्ह बँकेने प्रश्नोत्तरं काढून स्पष्ट केलं: ज्यांचा क्यूआर किंवा स्पीकर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला आहे, त्यांना १५ मार्चनंतरही तो वापरता येईल. ज्यांचा पेटीएम पेमेंट्स बँकेच्याच खात्याला किंवा वॉलेटला जोडलेला आहे, त्यांना त्यात पैसे घेता येणार नाहीत. शेजारी शेजारी दोन दुकानं, दोघांकडे एकसारखा डबा, पण एकाचं काम चालू आणि दुसऱ्याला खातं बदलावं लागलं. फरक डब्यात नव्हता, त्यामागे जोडलेल्या बँक खात्यात होता.

मशीन बदलायला कुणी आलं तर

कंपनीची माणसं खरोखर येतात, मशीन खरोखर बदलतात. म्हणून प्रत्येकाला हाकलून देऊ नका. पण आपण ॲपमधून विनंती केलेली नसेल, तर त्याच्यासमोर ॲपमधल्या नंबरवर फोन करून विचारा. खरा माणूस पाच मिनिटं थांबतो. मोबाइल त्याच्या हातात द्यायचा नाही, ओटीपी सांगायचा नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

बदल झाल्यावर चाचणी तुम्ही घ्यायची. त्याच्या मोबाइलवरून त्याने पाठवलेला रुपया काही सिद्ध करत नाही, कारण स्पीकर तर बोलणारच. काकूंच्या मोबाइलवरून एक रुपया पाठवा आणि तीन गोष्टी बघा: स्क्रीनवर नाव आपलं आलं का, स्पीकर बोलला का, आणि तो रुपया आपल्या ॲपमध्ये दिसला का. तिसरी गोष्ट झाल्याशिवाय त्याला जुना डबा बॅगेत टाकू देऊ नका. "ॲपमध्ये नंतर दिसेल" असं म्हणाला, तर तिथेच थांबायचं.

आजचा गृहपाठ

आज रात्री दुकान बंद करताना स्वतःचा क्यूआर दुसऱ्या मोबाइलवरून स्कॅन करा आणि नाव वाचा. मग वहीत चार रकाने आखा: वार, स्पीकर, ॲप, बँक. सात दिवस भरा. बँकेचा रकाना दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा. स्पीकर आणि ॲप यांच्यात एका रुपयाचाही फरक पडला, तर त्याच रात्री क्यूआर झाका. ॲप आणि बँक यांच्यात फरक पडला, तर सेटलमेंट उघडून हप्ता, भाडं आणि यूटीआर बघा.

काकांनी नवा क्यूआर लावला, स्पीकरही घेतला. फक्त आता रात्री वहीत काकू एक आकडा लिहीत नाहीत, तीन लिहितात.

तुमचा तक्ता जुळला नाही तर कोणत्या दोन रकान्यांत फरक आला, तेवढं लिहून पाठवा. खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर मात्र पाठवू नका. पुढच्या भागात बघू, उधारीची वही मोबाइलवर कशी न्यायची. भेटू या!